“ओरिजिनल गहाळ झाले” एवढ्यावर भागवणाऱ्या वकील मित्रांना खुलं पत्र

वकील मित्रहो, नमस्कार.

माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टाच्या ऑफिसात झाली, आता रिटायर आहे, त्यामुळे कुणाचं नाव न घेता थोडं स्पष्ट बोललं तर चालेल असं वाटतं. प्रोबेटच्या अर्जात एक वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की झोपेत पण म्हणून दाखवेन. “सदर मृत्युपत्राचे ओरिजिनल गहाळ झाले असून कसून शोध घेऊनही मिळून आले नाही, सबब झेरॉक्स प्रत सोबत जोडली आहे.” संपलं. कधी गहाळ झालं, कुणाकडून, त्याआधी कुठं होतं, मयताच्या मृत्यूनंतर कुणी ते डोळ्यांनी पाहिलं होतं का, ह्यातलं अक्षर नाही. आणि मग अडीच-तीन वर्षांनी उलटतपासणीत पक्षकार बिचारा घामाघूम होतो आणि तुम्ही बाहेर येऊन म्हणता की जज झेरॉक्स मानायला तयार नाहीत. झेरॉक्सचा काय दोष त्यात, सांगा.

कायदा झेरॉक्सच्या विरोधात नाहीये हो. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात कलम 237 त्याच्यासाठीच तर आहे. आणि अर्जात काय काय लिहायचं ते सांगणारं कलम 276 बघा, त्यात सरळ म्हटलंय की 237, 238, 239 ची केस असेल तर मूळ मृत्युपत्राच्या जागी नक्कल, मसुदा किंवा मजकुराचं निवेदन जोडा. म्हणजे हा दरवाजा कायद्याने स्वतःच ठेवलेला आहे, कोर्टाकडे मेहरबानी मागायची गरज नाही. पण 237 चे शब्द एकदा हळू वाचा. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ते हरवलं किंवा कुठं ठेवलं ते सापडेना, किंवा कुणाच्या गैरकृत्याने वा अपघाताने नष्ट झालं आणि करणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीने झालं नाही, आणि नक्कल किंवा मसुदा शिल्लक आहे, तर त्या नकलेवर प्रोबेट देता येईल, मूळ किंवा त्याची रीतसर प्रमाणित प्रत हजर होईपर्यंतच्या मर्यादेत.

“मृत्यूनंतर” आणि “करणाऱ्याच्या कृतीने नाही”, सगळी केस ह्या दोन ठिकाणी अडकते. आणि तुमच्या त्या एका वाक्यात नेमकं ह्या दोन्हीबद्दल काही नसतं.

कारण काय ते बघा. माणूस जिवंत असताना स्वतःचं मृत्युपत्र कधीही रद्द करू शकतो, आणि त्यासाठी त्याला नवीन कागद करायलाच पाहिजे असं नाही. कलम 70 प्रमाणे रद्द करायच्या हेतूने त्याने ते फाडलं, जाळलं, किंवा आपल्यासमोर दुसऱ्याला सांगून नष्ट करायला लावलं की ते रद्द. रजिस्टर केलेलं असलं तरीही, हे लोकांना खरंच वाटत नाही. आता असं फाडलेलं मृत्युपत्र मागे काय ठेवून जातं? एक झेरॉक्स, मुलीच्या कपाटात. त्या झेरॉक्सवर सह्या आहेत, साक्षीदार आहेत, सगळं अगदी खरं आहे, फक्त तो कागद जिच्यावरून काढला ती वस्तू बापाने समजूनउमजून संपवलेली आहे. झेरॉक्सकडे बघून हे कळायला काहीच मार्ग नाही. म्हणून कोर्ट विचारतं की ओरिजिनल शेवटचं कुणाच्या ताब्यात होतं, आणि हा प्रश्न विचारला की तुम्हाला राग येतो.

एक केस घेऊ. नावं नकोत, आणि दोन-तीन प्रकरणांतले तपशील मिसळून घेतोय म्हणजे कुणाची ओळख नको. विधुर वडील, दोन मुलगे, एक मुलगी. 2015 ला मृत्युपत्र केलं, टाइप केलेलं, रजिस्टर केलेलं नाही. फ्लॅट मुलीला, बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना, एक्झिक्युटर म्हणून पुतण्या. साक्षीदार दोन, फॅमिली डॉक्टर आणि शेजारी. 2021 ला वडील गेले. काही दिवसांनी सगळ्यांसमोर कपाट उघडलं, फाइलमधून मृत्युपत्र निघालं, डॉक्टरही तिथं होते, वाचून झालं. पुतण्याने मोबाइलवर पानांचे फोटो काढले, खाली जाऊन तीन झेरॉक्स केल्या, एकेक तिघा भावंडांना दिली. ओरिजिनल त्याने फ्लॅट नावावर करायच्या अर्जाबरोबर सोसायटीच्या ऑफिसात नेऊन दिलं. पोच घेतली ती अर्जाची, त्यावर सोबतच्या कागदांची यादी नाही. दोन महिन्यांनी थोरल्याची हरकत आली, सोसायटी म्हणाली कोर्टातून आणा, आणि मृत्युपत्र परत मागितलं तर उत्तर आलं की आम्ही तेव्हाच परत केलं होतं. पुतण्या म्हणतो नाही केलं.

ही केस कागदावर फार चांगली आहे. ओरिजिनल वडील गेल्यानंतर अस्तित्वात होतं, अख्ख्या घराने पाहिलं, म्हणजे वडिलांनी फाडलं असेल ही शंकाच उरत नाही. 237 चा पहिला अडथळा इथेच पार. आणि तरी ह्या केसचा अर्ज तुमच्यापैकी एकाने त्याच “गहाळ झाले असून” वाक्यावर दाखल केला होता. कपाट उघडल्याचा प्रसंग नाही, सोसायटीचं नाव नाही, तारीख नाही. थोरल्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, की वडील हयात असतानाच त्यांनी ते नष्ट केलं म्हणून तुम्हाला सापडत नाही, बरोबर ना? पुतण्या आता सोसायटीची गोष्ट सांगायला लागला तर लगेच दुसरा प्रश्न, हे अर्जात कुठं लिहिलंय दाखवा. कुठं दाखवणार. खरी गोष्ट बनावट वाटायला लागली आणि ती फक्त उशिरा सांगितल्यामुळे.

मग अर्जात काय पाहिजे होतं? मयताची मृत्यू तारीख, मग कपाट उघडल्याचा दिवस, तिथं कोण कोण होतं, कुणी वाचलं, फोटो आणि झेरॉक्स कुणी कशावरून काढल्या, ओरिजिनल कुणी कुठं दिलं, परत मागितल्याचं पत्र, त्याचं उत्तर, नंतर कुठं कुठं शोधलं. साधी गोष्ट सांगितल्यासारखं, तारखेने. सोसायटीचं आवक-जावक रजिस्टर समन्स काढून मागवा, सेक्रेटरीला साक्षीला बोलवा, त्याने “परत दिलं” म्हटलं तरी तुमचं नुकसान नाही, कारण त्याच्या तोंडून एवढं तर येतंच की मृत्यूनंतर ओरिजिनल माझ्या हातात आलं होतं. तुम्हाला तेच हवंय! हरवल्याची पोलीस ठाण्यातली नोंद असेल तर लावा, पण तेवढ्यावर विसंबू नका, ती म्हणजे तुमच्याच पक्षकाराने पोलिसांना सांगितलेली गोष्ट आहे, आणि दाव्याच्या आदल्या आठवड्यात केलेली असेल तर उलट अंगावर येते.

पुराव्याच्या कायद्याची बाजू ह्याच्याशी जोडलेलीच आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याचं कलम 60, म्हणजे आपलं जुनं 65. (जुन्या चालू केसेस जुन्यावरच.) मूळ हरवलं किंवा नष्ट झालं असेल तर दुय्यम पुरावा देता येतो, फक्त त्याआधी पाया घालावा लागतो, की मूळ होतं आणि ते हरवलं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये जगमेल सिंग विरुद्ध करमजीत सिंग ह्या पंजाबच्या केसमध्ये हेच सांगितलं. तिथं मृत्युपत्र महसुली नोंदीसाठी अधिकाऱ्यांकडे दिलं आणि ते परत आलंच नाही. खालच्या कोर्टांनी दुय्यम पुराव्याला नाही म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, पण सोबत हे पण सांगितलं की नक्कल पुराव्यात घेतली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं असं नाही, ते कायद्याप्रमाणे सिद्ध करावंच लागेल. त्याउलट 2007 च्या ओरिसातल्या एका केसमध्ये मृत्युपत्र रजिस्टर केलेलं असूनही मूळ हरवल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून नक्कल कामाला आली नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, फरक कागदाच्या दर्जाचा नाहीये, फरक हरवण्याच्या कहाणीचा आहे.

आता तीच केस जरा फिरवू. समजा वडिलांनी मृत्युपत्र स्वतःच्या कपाटात ठेवलं होतं, 2015 ला मुलीला एक झेरॉक्स देऊन ठेवली, आणि 2021 ला ते गेल्यावर कपाट उघडलं तर फाइल आहे, आत मृत्युपत्र नाही. हे खरं अवघड प्रकरण. जुना, इंग्लंडमधून आलेला नियम असा, की मृत्युपत्र शेवटचं करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि मृत्यूनंतर मिळालं नाही तर त्याने ते रद्द करायच्या हेतूने नष्ट केलं असं गृहीत धरायचं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये दुर्गा प्रसाद विरुद्ध देबी चरण केसमध्ये सांगितलं की हे गृहीतक भारतातल्या परिस्थितीत फार जपून वापरायचं. इथं घरात माणसांची ये-जा असते, कागद सांभाळायची पद्धत तशी नसते, दुसरं कुणी सहज हात घालू शकतं. पण जपून वापरायचं म्हणजे वापरायचंच नाही असं नव्हे, आणि इथंच तुम्ही गाफील राहता. गृहीतक खोडायचं ओझं झेरॉक्स पुढे करणाऱ्यावर.

खोडायचं कसं? कपाटाची किल्ली कुणाकडे होती, वडील दवाखान्यात असताना घरात कोण राहत होतं, आणि मृत्युपत्र नसल्यामुळे ज्याचा फायदा होतो त्याला त्या कपाटापर्यंत पोचता येत होतं का. वडील शेवटच्या दिवसांत कुणाला काय बोलले, “फ्लॅटचं मी करून ठेवलंय” असं मरायच्या महिनाभर आधी बँकेतल्या ओळखीच्या माणसाला म्हणाले असतील तर त्या माणसाची साक्ष सोन्यासारखी, कारण त्याला कशाचंच देणंघेणं नाही. मुलीशी संबंध शेवटपर्यंत तसेच होते का, की मध्ये भांडण होऊन ती वर्षभर आली नव्हती? असं भांडण झालं असेल तर ते लपवू नका, समोरचा काढणारच आहे. वडील अंथरुणाला खिळलेले होते, हात चालत नव्हता, किंवा विसरभोळेपणा इतका की माणसं ओळखत नव्हते, असं असेल तर मेडिकल पेपर लावा, कारण ज्याला कळतच नाही त्याने कागद फाडला तरी ते रद्द होत नाही, फाडण्यामागे हेतू लागतो आणि हेतूला शुद्ध लागते. आणि ओरिजिनल मुळात वडिलांकडे नव्हतंच, वकिलाकडे किंवा एक्झिक्युटरच्या लॉकरमध्ये होतं, असं असेल तर ते पहिल्या पानावर लिहा, मग हे गृहीतक लागतच नाही.

ह्या गृहीतकावरून आठवलं. इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर लॉर्ड सेंट लेनर्ड्स 1875 ला वारले, म्हणजे मृत्युपत्राच्या कायद्यातला देवमाणूस, आणि त्यांचंच मृत्युपत्र पेटीत सापडेना. पुरवण्या सापडल्या, मूळ गायब. त्यांच्या मुलीने ते इतक्या वेळा वाचलं होतं की तिने मजकूर आठवणीतून सांगितला, आणि 1876 मध्ये अपील कोर्टाने तो मान्य केला. झेरॉक्स सोडा, हाताने केलेली नक्कलसुद्धा नव्हती. आपल्या कलम 238 मध्ये ही सोय आहेच, नक्कल नाही, मसुदा नाही, तरी मजकूर पुराव्याने सिद्ध होत असेल तर प्रोबेट मिळू शकतं. पण अशी साक्ष द्यायला तशीच मुलगी पाहिजे.

मसुद्यावरून एक गोष्ट तुमच्या फायद्याची सांगतो. 237 मध्ये नक्कल “किंवा मसुदा” म्हटलंय. मृत्युपत्र ज्या वकिलाने तयार केलं त्याच्या कॉम्प्युटरवर ती फाइल बहुतेक वेळा पडून असते, निदान छापील कच्ची प्रत तरी. झेरॉक्स अंधुक असेल, एखादं पान कापलं गेलं असेल, तर तो मसुदा शब्दाला शब्द जुळतो का बघा आणि त्या वकिलाला साक्षीला बोलवा. तुमच्यातलेच असतात, तरी कुणी कुणाला बोलवत नाही, हे मला कधी समजलं नाही.

तिसरा प्रकार, मूळ हरवलेलं नाहीच, थोरल्याने ठेवून घेतलंय. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी अर्जात “गहाळ” लिहिलं जातं, कारण छापील नमुन्यात तसं आहे. अहो, सामनेवाल्याच्या ताब्यात आहे असं म्हणणं असेल तर आधी त्याला हजर करायची नोटीस द्या, नव्या कायद्यात कलम 64, जुनं 66. त्याने आणलं नाही किंवा माझ्याकडे नाहीच म्हणाला की कलम 60 चा वेगळा रस्ता मोकळा होतो. एकाच अर्जात पान तीनवर “गहाळ झाले” आणि पान पाचवर “थोरल्याने दडवले” असं असलं की जज पेन खाली ठेवतात. नक्की माहीत नसेल तर तसंच लिहा, की शेवटचं अमुक दिवशी ह्याच्या हातात पाहिलं, मागितलं तर नाही म्हणाला, त्याच्याकडे नसेल तर हरवलं असं समजतो. खरं तेवढंच लिहिलं तर विसंगती राहत नाही.

आता झेरॉक्सकडे येतो. झेरॉक्स ही यंत्राने काढलेली नक्कल, म्हणून दुय्यम पुराव्यात बसते, पण ती मूळ कागदावरूनच काढली हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. आमच्या केसमध्ये ते पुतण्या सांगू शकतो. मुलीच्या हातातली झेरॉक्स दुसऱ्या झेरॉक्सवरून काढलेली असेल तर साखळी जोडा, पहिली कशावरून, दुसरी कशावरून, कुणी ताडून पाहिली. मधला एक दुवा तुटला तर वरचं सगळं लटकतं. आणि कृपा करून हरवल्यानंतर त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून तिच्यावर “खरी प्रत” असा नोटरीचा गोल शिक्का मारून आणू नका. नोटरीसमोर मूळ नव्हतंच तर त्याने कशाशी ताडलं? असा शिक्का मारलेला कागद यादीत दिसला की मला पक्षकाराची कीव यायची, कारण उलटतपासणीत तो पहिला फाडला जायचा आणि त्याच्याबरोबर चांगल्या झेरॉक्सवरचा विश्वासही जायचा.

मोबाइलमधले फोटो म्हणाल तर ते झेरॉक्सपेक्षा कधीकधी चांगले. शाईचा रंग दिसतो, कागदाची घडी दिसते, आणि मूळ फाइलमध्ये फोटो कधी काढला ते नोंदलेलं असतं. फक्त तो फोन जपून ठेवायला सांगा. व्हॉट्सअपवरून आलेल्या फोटोत ती नोंद साधारणपणे राहत नाही आणि फोटो आकाराने पण लहान होतो, म्हणून ज्याने काढला त्याच्याच फोनमधली फाइल महत्त्वाची. प्रिंट किंवा पेनड्राइव्ह देणार असाल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र, नव्या नमुन्यात भाग अ आणि भाग ब दोन्ही, त्यात फाइलचं हॅश मूल्य. भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, हे तारखेच्या सकाळी आठवून उपयोग नाही.

सह्यांबद्दल एक इशारा. सही खोटी आहे असं थोरला म्हणाला की दोन्ही बाजू हस्ताक्षर तज्ज्ञाकडे धावतात. झेरॉक्समध्ये पेनचा दाब दिसत नाही, रेघ कुठून सुरू झाली, कुठं पेन उचलला, कागदावर खाच पडली का, हे सगळं गेलेलं असतं, त्यामुळे तज्ज्ञाचं मत झेरॉक्सवर फार लंगडं. पण एक गोष्ट झेरॉक्सवर पण पकडता येते. वडिलांच्या बँकेतल्या किंवा कुठल्या जुन्या अर्जावरच्या सहीवर ही सही ठेवून उजेडात धरली आणि ती केसभरही न हलता तंतोतंत बसली, तर ती सही तिथून उचलून चिकटवलेली असण्याचा दाट संशय. जिवंत माणूस दोनदा अगदी तीच सही करत नाही. सहीभोवती पुसट चौकोनी सावली, सहीखालची ओळ बाकीच्या ओळींपेक्षा तिरकी, एका पानावर स्टेपलच्या भोकांचा ठसा आहे आणि दुसऱ्यावर नाही, हे अर्ज दाखल करण्याआधी तुम्ही स्वतः बघा. पक्षकाराने आणलेला कागद खरा असेलच असं नाही, आणि ओरिजिनल “गहाळ” असण्याचं कारण कधीकधी हेच असतं की ते कधी नव्हतंच. कोर्ट उगाच संशय घेत नाही.

हे सगळं झालं तरी मृत्युपत्र केल्याचा पुरावा राहतोच, मूळ असो की झेरॉक्स त्यात सूट नाही. वारसा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे दोन साक्षीदार, दोघांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलं किंवा त्याने “ही माझी सही” असं त्यांना सांगितलं, आणि दोघांनी त्याच्यासमोर सही केली. त्यातला एक तरी हयात असेल आणि येऊ शकत असेल तर त्याला बोलवावंच लागतं, साक्ष्य अधिनियम कलम 67. आमच्या केसमध्ये शेजारी वारले होते, डॉक्टर होते. डॉक्टरांच्या शपथपत्रात वकिलाने लिहिलं की माझ्यासमोर मयताने सही केली व मी साक्षीदार म्हणून सही केली. बस. शेजाऱ्याने पण मयतासमोर सही केली, हे वाक्यच नाही. 2002 पासून सुप्रीम कोर्टाचं स्पष्ट आहे की एकच साक्षीदार बोलावला तर त्याने दुसऱ्याची सहीपण सिद्ध करायला पाहिजे. नशिबाने उलटतपासणीत समोरच्या वकिलानेच विचारलं की तुम्ही दोघं एकाच वेळी होता का, आणि डॉक्टर म्हणाले हो, तिघांनी एकापाठोपाठ सह्या केल्या, मीच पेन पुढे दिलं. समोरच्याने भोक बुजवून दिलं, पण रोज असा वकील समोर भेटत नाही.

डॉक्टरांना झेरॉक्स दाखवताना “ही तुमची सही का” एवढंच विचारून थांबू नका. कपाट उघडलं त्या दिवशी पाहिलेला मूळ कागद आणि ही झेरॉक्स ह्यात मजकुराचा, पानांचा काही फरक आहे का, हे विचारा. एकाच साक्षीदाराकडून तीन गोष्टी येतात, मूळ केलं ते, मूळ मृत्यूनंतर होतं ते, आणि झेरॉक्स त्याचीच आहे ते. आणि निशाणी क्रमांक पडला म्हणून पेढे वाटू नका, निशाणी म्हणजे कागद रेकॉर्डवर आला, सिद्ध झाला की नाही ते निकालात.

रजिस्टर केलेलं मृत्युपत्र असेल तर काम निम्मं हलकं होतं, मजकुरापुरतं. दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये त्याची नोंद असते आणि करणारा वारल्यानंतर, आधी नाही, कुणीही अर्ज करून नक्कल घेऊ शकतो. मूळ हरवल्याचं आणि साक्षीदाराचं ओझं मात्र तसंच. कितीतरी पक्षकारांना वडिलांनी रजिस्टर केलं होतं की नाही हेच माहीत नसतं आणि तुम्ही सूचीत शोध घ्यायला पण पाठवत नाही, झेरॉक्सवर शिक्का दिसत नाही म्हणून सोडून देता. झेरॉक्स रजिस्टर करण्याआधी काढलेली असू शकते ना.

शेवटची विनंती प्रोबेट मिळाल्यानंतरची. नकलेवरचं प्रोबेट मर्यादित असतं, मूळ हजर होईपर्यंत, आणि पक्षकाराला हे नीट समजावून द्या. आमच्या केसमध्ये निकाल पुतण्याच्या बाजूने लागला, आणि उद्या सोसायटीच्या कपाटामागे ते ओरिजिनल सापडलं तर ते कोर्टात आणायचं, “आता कशाला” म्हणून घरात ठेवायचं नाही. ते झेरॉक्सशी जुळत असेल तर काळजीच नाही. आणि त्याच्याखाली वडिलांच्या हातचं नंतरचं दुसरं मृत्युपत्र निघालं तर कलम 263 खाली दिलेलं प्रोबेट रद्द होऊ शकतं, ते दडवून ठेवलं असं नंतर उघड झालं तर पुतण्या एकटा अडकणार नाही, “ह्याबद्दल वकिलांना विचारलं होतं का” हा प्रश्न पण येणारच.

आपला,
दिवाणी कोर्टाच्या ऑफिसातला एक जुना माणूस